रश्मीतचे अकरा किलोवॅट

त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाची डावी भुवई जरा जास्तच बारीक केली. कारण माझं लक्ष भुवईवर नव्हतं. समोर रश्मीतच्या पार्लरबाहेर वीज कंपनीची माणसं शिडी लावून नवीन मीटर बसवत होती. मोठा, थ्री फेजचा. माझ्या मीटरच्या दुप्पट आकाराचा.

"दीदी, दुखतंय," गिऱ्हाईक म्हणालं.

"सौंदर्याला दुखतंच, पुत्तर," मी म्हणाले आणि पुन्हा बाहेर बघितलं.

ही रश्मीत कोण, तर माझीच विद्यार्थिनी. सहा वर्षांपूर्वी दोन वेण्या घालून माझ्या दुकानात आली तेव्हा तिला दोरा धरता येत नव्हता. मी शिकवलं. मेण किती तापवायचं, नवरीच्या आईशी कसं बोलायचं, नवरीच्या सासूशी कसं बोलायचं, सगळं. तीन वर्षांनी तिने समोरच्याच गाळ्यात स्वतःचं पार्लर थाटलं. दिल्लीत एवढी जागा पडली आहे, पण बाईला जागा मिळाली ती माझ्या दारासमोर! वर तिचे दोन एसी एकदम चालायचे आणि दिवा फडफडायचाही नाही. माझ्याकडे मात्र एसी, स्टीमर आणि ड्रायर एकाच वेळी लावले की खटका पडायचा. मग अर्ध्या मेकअपच्या बायका हातपंख्याने वारा घेत बसायच्या आणि खिडकीतून समोर बघायच्या. त्या कुठे बघतात ते मला दिसत होतं.

आणि करवा चौथ, नवऱ्यासाठी नटूनथटून चंद्र दिसेपर्यंत उपवास धरायचा दिवस, दोन महिन्यांवर आली होती. पार्लरवाल्या बाईचं वर्ष त्या एका दिवसावर तरतं. त्या दिवशी खटका पडला तर पुढच्या वर्षी त्या बायका थेट समोर जाणार, आणि एकदा गेलेली बाई परत येत नाही. माझी झोप उडाली ती यामुळे. आणि खोटं कशाला बोलू, थोडी त्या मीटरमुळेही.

"किती घेतला रे तिने?" मी गुलाटीला विचारलं. गुलाटी शेजारचा बांगड्यावाला. गल्लीत कोणाच्या घरी काय शिजतं ते त्याला फोडणीच्या आधी कळतं.

"अकरा किलोवॅट," तो म्हणाला. "पम्मी दीदी, तुमचा किती?"

"तुला काय करायचंय?" मी म्हणाले. माझा तीन होता.

दुसऱ्याच दिवशी मी दत्तजींना बोलावलं. दत्तजी म्हणजे लायसन असलेले वीज ठेकेदार, पांढरी दाढी, शर्टाच्या खिशात टेस्टर. त्यांनी दुकानातलं एकूण एक यंत्र बघितलं, वहीत लिहिलं, मग माझं बिल मागितलं.

"हे बघा," बिलावर बोट ठेवून ते म्हणाले, "मंजूर भार तीन. पण मीटरने जुलैत नोंदवलाय साडेसहा. जास्तीच्या भारावर अधिभार तुम्ही दर महिन्याला भरताय."

"मला वाटलं वीज महागली."

"वीजही महागलीच. तुम्हाला सात पुरतील. हिशेब सोपा आहे. दोन एसी, ड्रायर, स्टीमर, दिवे. गिझर वेगळा धरायचा नाही. गार करणारं आणि गरम करणारं यातलं जे जास्त असेल तेवढंच मोजतात, कारण दोन्ही एकदम कोण लावतं?"

"बारा लिहा," मी म्हणाले.

दत्तजींनी चष्मा कपाळावर नेला. "बारा? दीदी, पार्लर काढलंय की बर्फाचा कारखाना?"

"बारा."

"ऐका माझं. भार म्हणजे काही दागिना नाही की पेटीत पडून राहिला तरी चालेल. दर किलोवॅटमागे दर महिन्याला स्थिर आकार लागतो. वापरा नाहीतर नका वापरू. सुरक्षा ठेव वाढलेल्या प्रत्येक किलोवॅटवर भरायची. लाइनचा खर्च टप्प्याटप्प्याने असतो, टप्पा ओलांडला की रक्कम उडी मारते. आणि दहाच्या वर गेलात की थ्री फेज. म्हणजे आतला स्विचबोर्ड नवा, तारा नव्या, अर्थिंग नवं. सातमध्ये नुसती जाड तार आणि मेन स्विच बदलला की झालं. तो स्विच तर तसाही बदलायलाच हवा, हात लावून बघा, गरम लागतो."

"रश्मीतकडे अकरा आहेत."

"मग?"

"मग बारा."

दत्तजींनी सुस्कारा टाकला. त्यांनाही बायको आहे, कुठे वाद घालायचा नाही ते त्यांना ठाऊक होतं. मोबाइलवर अर्ज भरला. ओळखपत्र, गाळ्याचे कागद, थकबाकी नसल्याची खात्री. आतली वायरिंग सुरक्षित आहे असं लिहून देणारा टेस्ट रिपोर्टचा फॉर्म मात्र त्यांनी बाजूला ठेवला. "स्विच आणि अर्थिंग नीट झाल्यावर सही करीन. माझं लायसन आहे, रद्दी नाही. कंपनीचा माणूस जागा बघायला येईल, यंत्रं मोजेल. मग डिमांड नोट येईल, ती भरायची, मग मीटर."

"रश्मीतला किती दिवस लागले?"

"तिचं सगळं पहिल्या फेरीतच झालं."

ते वाक्य मला रात्रभर बोचलं. पहिल्या फेरीत! तिची नक्कीच कुठेतरी ओळख असणार.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगायला हवी. वीज कंपनीचा कोणीही गळ्यात ओळखपत्र अडकवून गल्लीच्या तोंडाशी दिसला, की औषधवाला आपलं शटर अर्धं खाली ओढतो. त्या आवाजासरशी सगळी गल्ली कामाला लागते. एसी बंद. हीटर कॉटखाली. शिंपी इस्त्रीवर टोपली पालथी घालतो. हलवायाचा मोठा फ्रीज मिठाईच्या रिकाम्या खोक्यांमागे जातो. दोन मिनिटांत अख्ख्या बाजारात एक पंखा आणि दोन ट्यूब, जणू सगळे संन्यासी. हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघत आलेय, करत आलेय. हात आपोआप चालतात.

सप्टेंबरातल्या एका दुपारी मी खिडकीतून रश्मीतकडे बघत होते. तिच्याकडे एकाच वेळी चार बायका ड्रायरखाली बसल्या होत्या. चार! एवढ्यात औषधवाल्याचं शटर खडखडलं.

"शबनम!" मी ओरडले. शबनम माझी मदतनीस. "एसी!"

तिने एसी बंद केले. मी ड्रायर कपाटात कोंबले, मेणाची भांडी ओट्याखाली सरकवली. केसांचा स्टीमर उंच, चाकांवरचा. तो लपेना, म्हणून त्याच्यावर फुलाफुलांची चादर टाकली. मग खुर्चीत बसून जपमाळ हातात घेतली. गुलाटीही त्याच्या दुकानात अगदी गरीब गायीसारखा बसला होता.

आत आला तो पंचविशीतला मुलगा, हातात फाइल, कपाळावर घाम. "कुलवंत कौर?" त्याने माझं कागदोपत्री नाव घेतलं.

"मीच. या, बसा साहेब. पंख्याखाली बसा, एवढाच पंखा आहे."

त्याने चौफेर बघितलं. फाइल बघितली. पुन्हा चौफेर बघितलं. "तुमचा अर्ज बारा किलोवॅटचा आहे ना?"

माझ्या हातातली माळ तिथेच थांबली.

खरं सांगते, त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं की हा माणूस माझ्याच बोलावण्यावरून आलाय. जी यंत्रं दाखवायची होती तीच मी दोन मिनिटांत गायब केली होती. पण पंचवीस वर्षांची सवय, तोंडही आपोआपच चाललं.

"हो, म्हणजे, पुढेमागे लागेल म्हणून," मी म्हणाले.

"एक पंखा, दोन ट्यूब." त्याने लिहिलं. "एसीच्या पेट्या दिसतात भिंतीवर."

"बिघडलेत. शोभेला आहेत."

"आणि ते काय?" त्याने चादरीकडे पेन दाखवलं.

आता इथे मी काहीही म्हणू शकले असते. स्टँड म्हणाले असते, पुतळा म्हणाले असते. मी म्हणाले, "माझ्या सासूबाई आहेत. झोपल्यात."

मुलाने चादरीकडे बघितलं. चादर सरळ उभी होती, साडेपाच फूट. खाली चार चाकं दिसत होती.

"उभ्या झोपतात?"

"गुडघे दुखतात त्यांचे."

शबनम बाथरूममध्ये पळाली. तिच्या हसण्याचा आवाज नळ सोडूनही लपला नाही.

मुलगा चांगल्या घरचा असावा, हसला नाही. त्याने माझं बिल मागितलं आणि दत्तजींनी दाखवलं होतं तिथेच बोट ठेवलं. "बहनजी, माझ्यापासून लपवाल, मीटरपासून कसं लपवणार? त्याने जुलैचा साडेसहा लिहून ठेवलाय. भार मंजुरीपेक्षा जास्त वापरला म्हणजे चोरी नाही, त्याचा अधिभार बिलात येतो. तुम्ही स्वतः नाही वाढवलात तर या नोंदी बघून कंपनीच नोटीस देऊन वाढवते. मी तुम्हाला पकडायला नाही, मोजायला आलोय. पण मला दिसलं तेवढंच मी लिहिणार. एका पंख्यासाठी बारा किलोवॅट लिहिले तर माझे साहेब मलाच विचारतील."

मी चादर ओढायला उठले, पण लाज वाटून पुन्हा खुर्चीत बसले. त्याने मेन स्विचवर हात ठेवून लगेच मागे घेतला. "हा आधी बदला. अर्थिंग नीट करा. यंत्रांची खरी यादी आणि टेस्ट रिपोर्ट जोडा, मग पुन्हा येईन." जाताना दारात थांबून म्हणाला, "सासूबाईंना नमस्कार सांगा."

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. गुलाटी येताजाता विचारू लागला, "दीदी, सासूबाई बसल्या का?" औषधवाल्याने गुडघ्याच्या मलमाची बाटली पाठवली. आणि रश्मीत दारात उभी राहून तोंडावर ओढणी धरून हसत होती. ते मला सगळ्यात जास्त लागलं. दत्तजींनी दोनदा फोन केला, मी उचलला नाही. मला वाटलं, हिच्या ओळखी, हिची पहिली फेरी, हिचं हसणं. मरू दे ते किलोवॅट. रागाच्या भरात पाच आठवडे असेच गेले.

आणि करवा चौथ आली.

सकाळपासून रांग. मेंदी, फेशियल, केस. दुपारी तीनपर्यंत खटका चारदा पडला, चारदा वर केला. सहा बायकांच्या केसांत रंग लावून चांदीचा कागद गुंडाळला होता, दोघींच्या चेहऱ्यावर ब्लीच होतं. बायका उपाशी, पाण्याचा थेंब नाही, आणि उपाशी बाईचा राग काय असतो ते सांगायला नको. सव्वातीनला मेन स्विचमधून चर्र आवाज आला, जळका वास आला आणि सगळं बंद पडलं. खटका वर करायला गेले तर प्लास्टिक विरघळलेलं.

"दीदी, रंग किती वेळ ठेवायचा?" एकीने विचारलं.

"चाळीस मिनिटं."

"पस्तीस झाली."

टाकीत पाणी चढवायची मोटर बंद, गिझर बंद, नळाला थेंब नाही. केस आणखी अर्धा तास तसेच राहिले तर त्या बायका चंद्र बघून नाही, माझं थोबाड फोडून उपवास सोडणार होत्या. ब्लीचवाली डोळे मिटून म्हणाली, "पम्मी, माझे गाल जळतायत."

मी समोर बघितलं. रश्मीतकडे सगळे दिवे लखलखत होते.

मला किती वेळ लागला ठरवायला ते मी सांगणार नाही. पण शबनम सांगते, दोन मिनिटं मी नुसती जळका स्विच बघत उभी होते. मग मी म्हणाले, "चला."

गल्लीने तो देखावा अजून विसरलेला नाही. पुढे मी, मागे डोक्यावर चांदीच्या कागदाची शिंगं घेतलेल्या सहा बायका, त्यांच्या मागे शबनमचा हात धरलेल्या दोन पांढऱ्या तोंडाच्या. गुलाटीच्या हातातून बांगड्यांचा डबा पडला.

रश्मीतने दार उघडलं. मी तोंड उघडायच्या आत तिने कागदांकडे बघितलं आणि ओरडली, "किती मिनिटं झाली?"

"अडतीस."

"दोघी बेसिनवर! ब्लीचवाल्यांना आधी, थंड पाणी!" तिने स्वतःच्या दोन गिऱ्हाइकांना खुर्च्यांवरून उठवलं. पुढचे तीन तास आम्ही एका ओट्यावर काम केलं. ती हात पुढे करायची, मी कंगवा द्यायचे. शिकत होती तेव्हा उलटं होतं. तिच्याकडे दोन एसी, चार ड्रायर, गिझर, सगळं चालू, आणि दिवा एकदाही फडफडला नाही. कौतुक करावं की डोकं आपटावं, कळेना.

संध्याकाळी सगळ्या बायका सजून चंद्राची वाट बघायला घरी गेल्या. रश्मीत उपाशीच होती, भिंतीला टेकून खाली बसली. मी विधवा, मला उपवास नाही, तरी तिच्यासमोर मी चहा घेतला नाही.

"मानलं तुला," मी म्हणाले. "अकरा किलोवॅटची बातच वेगळी."

रश्मीत उठली, खणातून बिल काढून माझ्या हातात दिलं. "बघा. इथे."

मंजूर भार अकरा. नोंदलेला कमाल भार पाच पूर्णांक तीन.

"आजचा धरून फार तर सात होईल," ती म्हणाली. "बाकीच्या किलोवॅटचा स्थिर आकार दर महिन्याला फुकट भरतेय. ठेव वेगळी अडकली. थ्री फेजसाठी आतली वायरिंग सगळी नवी केली, त्याचं कर्ज चालू आहे. कमी करायचा अर्ज टाकला तर म्हणतात, इतक्यात नाही, मुदत जाऊ दे."

"मग एवढा घेतलास कशाला, मूर्ख मुली? दत्तजींनी सांगितलं नाही?"

"सांगितलं. सहा म्हणाले होते." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, शिकायला आली होती तेव्हा चुकलं की करायची तसं. "पण मला वाटलं, तुमच्याकडे दहा असतील. एवढं जुनं पार्लर, एवढं नाव. सगळ्या जुन्या बायका अजून तुमच्याकडेच जातात. मी रोज इथून बघत बसायचे, कोण आत गेलं, कोण बाहेर आलं. म्हटलं, निदान एका गोष्टीत तरी दीदींच्या पुढे जाऊ."

"माझ्याकडे तीन आहेत."

"तीन?"

"तीन."

तीन किलोवॅटवर जळून हिने अकरा घेतले होते! आणि तिच्या अकरावर जळून मी बारा मागितले. तीन वर्षं आम्ही दोघी आपापल्या खिडकीतून एकमेकींकडे बघत होतो आणि दोघींनाही समोरचीच मोठी दिसत होती. माझ्यावर कोणी जळत होतं! खरं सांगते, लग्नानंतर कोणी माझ्यापायी इतका खर्च केला नव्हता. मला इतकं बरं वाटलं की मी तिचं डोकं कुरवाळलं.

"कमी करायच्या अर्जाची तारीख लिहून ठेव," मी म्हणाले. "आणि चंद्र उगवला, जा, पाणी पी."

दुसऱ्या दिवशी दत्तजींना फोन केला. त्यांनी नवा स्विच बसवला, अर्थिंगचा खड्डा केला, गळती झाली तर वीज तोडणारी पेटी लावली, मग टेस्ट रिपोर्टवर सही केली. जुना अर्ज मागे घेतला, नवा भरला. सात.

पुन्हा औषधवाल्याचं शटर खडखडलं तेव्हा माझे हात आपोआप उठले. शबनमने ते धरून ठेवले. तो मुलगा आला. दोन्ही एसी चालू, ड्रायर रांगेत, स्टीमर उघडा, मध्यभागी. त्याने एकेक यंत्र मोजलं, यादीशी ताडून बघितलं, अर्थिंग तपासलं.

"सासूबाई उठल्या वाटतं," तो म्हणाला.

"गुडघे बरे झाले."

आठवड्यात डिमांड नोट आली. वाढलेल्या चार किलोवॅटची ठेव आणि लाइनचा खर्च, बारासाठी भरली असती त्याच्या निम्म्याहून कमी. भरली. काही दिवसांनी शिडी आली, जाड तार आली.

आणि समोर रश्मीत दारात आली. हातात दोरा, आत गिऱ्हाईक अर्ध्या भुवईने बसलेलं, आणि हिची मान शिडीकडे ताणलेली. तो चेहरा मला चांगलाच ओळखीचा होता.

"दीदी!" ती ओरडली. "किती घेतला?"

मी मनात म्हटलं, जाऊ दे, पोर आहे.

"सात!" मी ओरडले.

"फक्त सात?"

"फक्त सात!"

तिचा चेहरा असा निवळला की विचारू नका. गाणं गुणगुणत आत गेली आणि मला लगेच वाटलं, बारा सांगायला हवं होतं.